फोटोतल्या कपाळावर विभूती, टिळा, भंडारा लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा असते. त्या दिवसांत आमच्याकडे एक काम हमखास येतं. घरातले थोरले वारलेले असतात, हाताशी जुना फोटो असतो, पण त्यात कपाळ कोरं. घरच्यांच्या आठवणीत मात्र ते विभूतीशिवाय कधी घराबाहेरच पडले नाहीत. "तेवढी विभूती लावून द्या," एवढंच सांगून माणूस अ‍ॅडव्हान्स देऊन जातो. काम दहा मिनिटांचं वाटतं, निघतं दीड तासाचं. या कामाबद्दल शिकाऊ मुलं आणि इतर स्टुडिओवाले जे विचारतात, ते इथे लिहितो आहे. मुख्य उदाहरण विभूतीच्या तीन पट्ट्यांचं घेतलंय, कारण कपाळाची गोलाई सगळ्यात जास्त तिथेच आडवी येते. सॉफ्टवेअर फोटोशॉप धरलं आहे.

रंग अगदी बरोबर घेतला, तरी स्टिकर चिकटवल्यासारखं का दिसतं?

कारण डोळा रंगाच्या आधी रेघेचं वळण बघतो. कपाळ समोर बऱ्यापैकी सपाट असतं आणि कानशिलांकडे एकदम मागे वळतं. खरी विभूती त्या वळणाबरोबर मागे जाते. सरळ पट्टी ठेवली की ती कपाळाला मधे टेकते आणि दोन्ही टोकांना हवेत राहते, मग रंग कितीही जुळवा.

दुसरं कारण उजेडाचं. कपाळाची एक बाजू सावलीत असताना पट्टी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच पांढरी राहते. ही दोन कामं याच क्रमाने करायची: आधी वळण, मग उजेड. वळण चुकलेलं असताना ओपॅसिटी कमी करून लपवायला जाऊ नका. फिकट स्टिकरसुद्धा स्टिकरच दिसतो.

पट्ट्या वर वाकवायच्या की खाली?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि मीही केली आहे. सवयीने बहुतेक जण कमान काढतात, म्हणजे मधला भाग वर आणि टोकं खाली. ते नेहमी बरोबर नसतं. मान किंचित खाली झुकलेली असेल तर कपाळाचा मधला भाग खाली येतो आणि टोकं वर जातात, पट्टीचा आकार पाळण्याच्या दोरीसारखा होतो. हनुवटी वर असेल, किंवा कॅमेरा खालून लावला असेल, तर कमान. चेहरा आणि कॅमेरा एकाच पातळीत असतील तर पट्टी जवळजवळ सरळ दिसते.

अंदाज करत बसू नका, फोटोतच खुणा असतात. डोक्यावर गांधी टोपी असेल तर काम झालंच समजा. टोपीची खालची कडा डोक्याला फिरून गेलेली असते, ती जशी वाकली आहे तशाच पट्ट्या वाकतात. टोपी नसेल तर कपाळावरच्या आडव्या सुरकुत्या बघा. त्याही नसतील तर चष्मा बघा. काड्या कानाकडे जाताना वर चढताना दिसल्या तर मान खाली झुकलेली आहे. भुवयांवर मात्र विसंबू नका, त्यांचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो.

वाकवायचं किती?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. एक हिशोब करून दाखवतो. ४ × ६ इंचाचा प्रिंट ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० × ३६०० पिक्सेल मिळतात. त्यात दोन कानशिलांमधलं कपाळ ६२० पिक्सेल भरलं. मोठ्या माणसाचं तिथलं अंतर साधारण १३ सेंटिमीटर धरलं तर एका सेंटिमीटरला ४७-४८ पिक्सेल येतात. विभूती एका भुवईच्या बाहेरच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत, म्हणजे १० सेंटिमीटर दिसणार, ४७० पिक्सेल.

कपाळाच्या मध्यापासून या टोकापर्यंत जाताना पृष्ठभाग जवळपास दोन सेंटिमीटर मागे गेलेला असतो. मान दहा अंश झुकली असेल तर त्या दोन सेंटिमीटरांचा वर-खाली फरक साडेतीन मिलिमीटर पडतो, म्हणजे सोळा-सतरा पिक्सेल. ४७० पिक्सेलच्या पट्टीत टोकं फक्त तेवढीच वर. लोक पन्नास-साठ पिक्सेलची कमान काढतात आणि मग पट्टी कपाळाला बांधलेल्या फडक्यासारखी दिसते.

`Warp` मधला तयार `Arc` का नको?

`Arc` पूर्ण पट्टीला एकसारखं वाकवतो, धनुष्यासारखं. कपाळ तसं नाही. मधला निम्मा भाग जवळजवळ सरळ असतो आणि बाक शेवटच्या पाव-पाव भागांत असतो. म्हणून `Edit > Transform > Warp` घ्या, वर `Split` ची बटणं दिसतील, त्यातून डावीकडून आणि उजवीकडून पाव अंतरावर एकेक उभी रेघ टाका. मधल्या भागाला हात लावायचा नाही, फक्त बाहेरचे दोन भाग उचलायचे किंवा खाली घ्यायचे.

ते उचलतानाच थोडे आतही ढकलायचे. ही गोष्ट कुणी सांगत नाही. पृष्ठभाग मागे वळला की त्यावरचं अंतर आपल्याला आखूड दिसतं. समोरून १० सेंटिमीटर दिसणारी पट्टी बोटांनी ओढताना ११ सेंटिमीटर ओढलेली असते, आणि तो जास्तीचा सेंटिमीटर बहुतेक टोकांशीच दडलेला असतो. त्यामुळे टोकांकडे विभूतीचे कण, तिच्यातल्या फटी, सगळं दाटीने दिसायला हवं. मधे आणि टोकाला पोत एकसारखा पसरलेला असेल तर वळण बरोबर असूनही कपाळ सपाट वाटतं.

तिन्ही पट्ट्या सारख्या जाडीच्या ठेवायच्या ना?

नाही. कपाळ वर जाताना मागे उतरतं, त्यामुळे वरची पट्टी बारीक दिसते. टक्कल असलेल्या माणसात तर हे ठळकच दिसतं. वरच्या हिशोबात मी खालची पट्टी ४५ पिक्सेल, मधली ४२ आणि वरची ३६ घेतली. मधल्या फटीही तशाच, खालची २५ तर वरची २१. फरक एवढासा आहे, पण सारख्या जाडीच्या तीन पट्ट्या ठेवल्या की झेब्रा क्रॉसिंग होतं.

विभूती ब्रशने रंगवावी का?

माझं मत, नको. ब्रशची कडा फार शहाणी असते. खरी विभूती लावताना माणूस गोळ्यावर ओली बोटं घासतो आणि तीन बोटं एकदम ओढतो. जिथे बोट टेकलं तिथे थर दाट, पुढे जाताना विरळ, शेवटी तुटक शेपटी. ओली असताना ती करडी, अंधूक दिसते आणि वाळली की पांढरी होते.

म्हणून खरी विभूतीच वापरा. काळ्या कार्डपेपरवर तीन बोटं ओढायची, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची, खिडकीच्या उजेडात सरळ वरून फोटो काढायचा. अशा पाच-सहा ओढी एकदाच काढून ठेवा, वर्षभर पुरतात. फक्त प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच ओढ वापरू नका. एकाच गल्लीतल्या दोन घरांत फोटो गेले तर कुणीतरी ओळखतं.

कागदाचा फोटो कृष्णधवल करा, `Levels` मधे कागद पूर्ण काळा होईपर्यंत ओढा, आणि तो `Layer > New Fill Layer > Solid Color` ने बनवलेल्या लेयरच्या मास्कमधे पेस्ट करा. मास्क उघडायला त्याच्या चौकोनावर `Alt` दाबून क्लिक करायचं. आता विभूती जिथे दाट तिथे रंग दाट, जिथे फट तिथे खालची कातडी. मग लेयरला `Convert to Smart Object` करा म्हणजे वार्प पुन्हा पुन्हा बदलता येईल.

रंग कोणता भरायचा? पांढराच ना?

शुद्ध पांढरा कधीच नाही. फोटोत आधीपासून एखादी पांढरी वस्तू असते, बहुतेक वेळा सदरा. उजेडातल्या सदऱ्यावर आयड्रॉपर ठेवा. आमच्या उदाहरणात तो २२८, २२४, २१४ निघाला, म्हणजे जुन्या प्रिंटचा पिवळटपणा त्यात आला होता. विभूती सदऱ्यापेक्षा करडी असते, म्हणून २०५, २००, १९० घेतली आणि लेयरची ओपॅसिटी ८० टक्के ठेवली. कपाळावरची विभूती सदऱ्यापेक्षा उजळ दिसली तर आधी तिथेच नजर अडकते.

आणि `Multiply` मोड लावू नका. तो कुंकवाला चालतो, विभूतीला नाही. `Multiply` खालच्यापेक्षा उजळ काही करूच शकत नाही, त्यामुळे पांढरी विभूती सावळ्या कपाळावर नाहीशी होते. ती `Normal` मधेच राहू द्या.

मग सावलीच्या बाजूला ती काळवंडणार कशी?

कपाळाचा उजेड उचलून विभूतीवर ठेवायचा. मूळ फोटोतलं कपाळ वेगळ्या लेयरवर कॉपी करा, `Desaturate` करा आणि `Gaussian Blur` १५ पिक्सेल द्या, म्हणजे छिद्रं आणि सुरकुत्या जाऊन फक्त उजेडाचा उतार उरेल. `Levels` ने त्यातला सगळ्यात उजळ भाग पांढऱ्यापर्यंत न्या. हा लेयर विभूतीवर `Create Clipping Mask` ने बसवा आणि त्याचा मोड मात्र `Multiply` करा.

बरोबर झालं की नाही ते आकड्यांनी तपासता येतं. कपाळाच्या मधोमध कातडी १९० आणि सावलीच्या कानशिलाशी ११० असेल, तर विभूतीही त्याच प्रमाणात उतरली पाहिजे. मधे २०५ असेल तर तिथे ११९ च्या आसपास. अगदी तेवढाच आकडा यायला हवा असं नाही, पण १७० दिसत असेल तर उजेड पोचलेला नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. फ्लॅशच्या फोटोत कपाळावर तेलकट चमक असते. विभूती कोरडी राख आहे, ती चमक मारून टाकते. पट्टीतून खालची चकाकी झळकत राहिली की बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. पट्टीखालची चमक आधी `Healing Brush` ने शांत करा, पट्ट्यांमधल्या फटीत मात्र ती तशीच राहू द्या.

सुरकुत्यांवरून पट्टी सरळ जाते. `Displace` लावू का?

लावा, पण फक्त सुरकुत्यांसाठी. कपाळाची मोठी गोलाई `Displace` ला कळत नाही. तो उजेडाला उंची समजतो, एवढंच. एका बाजूने उजेड असलेल्या फोटोत तो पट्टीची अर्धी बाजू उगाच सरकवतो.

त्यावर उपाय सोपा आहे. फोटोची प्रत `Image > Duplicate` ने काढा, कृष्णधवल करा, २ पिक्सेल ब्लर द्या, मग `Filter > Other > High Pass` त्रिज्या १२. आता सगळं सारखं राखाडी झालं आणि फक्त सुरकुत्यांच्या रेघा उरल्या. `Displace` मधे १२८ चा राखाडी म्हणजे न हलवणे, त्यामुळे उजेडाचा घोळ मिटतो. ही प्रत `.psd` म्हणून सेव्ह करा. विभूतीच्या वार्प केलेल्या लेयरची एक प्रत रास्टराइझ करा, `Filter > Distort > Displace` उघडा, `Horizontal Scale` शून्य आणि `Vertical Scale` ४ द्या. ४ म्हणजे जास्तीत जास्त पाच पिक्सेल हालचाल, एवढी पुरे. १० दिलं तर पट्टी करवतीच्या दात्यांसारखी होते.

सुरकुतीच्या तळाशी विभूती सहसा पोचत नाही, आणि वाळल्यावर भुवया उंचावल्या की तिथेच ती तडकते. ते दाखवायला लेयरवर डबल क्लिक करून `Blend If` मधे `Underlying Layer` चा काळा त्रिकोण `Alt` दाबून फोडा आणि दोन तुकडे ६० व ९५ वर ठेवा. गडद रेघांत खालची कातडी डोकावू लागते. कपाळाचा सावलीतला भागही तेवढाच गडद असेल तर मात्र तिथली विभूतीही उडेल. मग `Blend If` सोडा आणि मास्कवर बारीक काळ्या ब्रशने हाताने सुरकुत्या ओढा.

चेहरा थोडा वळलेला असेल तर?

मग कपाळाचा मध्य आणि फोटोतल्या कपाळाचा मध्य वेगळे होतात. खरा मध्य नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या मधोमध असतो, तिथून वर रेघ धरा. चेहरा तीस अंश वळलेला असेल आणि कपाळ ढोबळमानाने दंडगोल मानलं, तर जवळची बाजू १०० पिक्सेल दिसते तिथे लांबची बाजू ६० च्या आसपास दिसते. पट्टीही तशीच तोडायची. लांबच्या बाजूचं टोक बऱ्याचदा कपाळाच्या कडेमागे जातं. तिथे शेपटी रंगवायची नाही, कडेवर पट्टी संपू द्यायची.

पूर्ण कडेने काढलेल्या फोटोत मी हे काम घेतच नाही. विभूती जेमतेम बोटभर दिसते आणि घरच्यांना ती नुसता डाग वाटते.

टोपी, केस?

टोपी नेहमी विभूतीच्या वर. टोपीचा सिलेक्शन करून मास्कमधून विभूती कापा आणि कडेखाली सात-आठ पिक्सेलची मऊ सावली विभूतीवरही येऊ द्या. ती सावली कपाळावर आहे आणि पट्टीवर नाही, असं झालं तर पट्टी टोपीच्या पुढे तरंगते. कपाळावर आलेली केसांची बट मात्र तशीच वर ठेवायची, तिच्यावर थोडी राख लागलेली दाखवली तर उलट खरं वाटतं.

वारकरी टिळा, कुंकू यांना हेच सगळं करायचं का?

उभ्या टिळ्याला आडवी गोलाई फारशी लागत नाही, कारण तो कपाळाच्या सपाट मधल्या भागात असतो. त्याला लागतो तो उभा उतार. गोपीचंदनाच्या दोन रेघा नाकाच्या मुळाशी खाचेत उतरतात, भुवयांच्या वर फुगवट्यावर येतात आणि मग मागे जातात. म्हणून खालचा भाग थोडा गडद, भुवयांच्या वरचा उजळ, आणि वरची टोकं थोडी आखूड. पंढरपूर-आळंदीला तारेच्या ठशाने लावलेला टिळा हवा असेल तर कडा नेमक्या ठेवा, ठशाची कडा खरंच तशी असते. मधला बुक्का `Multiply` वर, पूर्ण काळा नाही आणि गोल गरगरीतही नाही. तो बोटाने टेकवलेला असतो.

कुंकवाची कोरडी टिकली असेल तर दोन-चार कण नाकावर सांडलेले दाखवा. दोन-चारच.

भंडारा किंवा गुलालाचा चेहरा?

इथे वळणाची चिंता जवळजवळ संपते, कारण भंडाऱ्याला कडाच नसते. जेजुरीला उधळलेला भंडारा वरून पडतो. तो कपाळाच्या वरच्या भागावर, भुवयांच्या केसांत, नाकाच्या शेंड्यावर आणि गालांच्या उंचवट्यावर बसतो. डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली तो नसतो. पिवळा लेयर सगळ्या चेहऱ्यावर सारखा पसरला की कावीळ झाल्यासारखं दिसतं. गुलालाचंही तसंच, शिवाय घामाने त्याचे ओघळ होतात.

हाताने रंगवलेली चंद्रकोर असेल तर पुन्हा विभूतीचे नियम. तिची दोन टोकं कानशिलांकडे जात असतील तर तीही आखूड करायची.

फोटोशॉप नाही, जिम्प आहे.

चालतं. वार्पसाठी `W` दाबून येणारं `Warp Transform` घ्या, ब्रशचा आकार कपाळाच्या निम्म्याएवढा मोठा ठेवा आणि हलक्या हाताने टोकं सरकवा. छोट्या ब्रशने पट्टी लाटांसारखी होते. `Displace` तिथे `Filters > Map` मधे सापडेल. मेहनत थोडी जास्त पडते, निकाल तोच.

काम हातात घेण्याआधी घरच्यांना काय विचारावं?

तीन पट्ट्या की एक, मधे कुंकू होतं का, कपाळभर की भुवयांपुरती, हे तर विचाराच. दुसरा एखादा फोटो मागा, लग्नातला, अंधुक असला तरी. आणि आणखी एक गोष्ट विचारा, जी मी वर सांगितलेल्या फोटोच्या वेळी विचारली नव्हती.

तो फोटो मी मनापासून केला होता. वळण बरोबर, उजेड बरोबर, १२ × १८ चा प्रिंट काढून फ्रेमही करून ठेवली. मुलगा बघून खूश झाला. त्याच्या आईने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे रे, पण अप्पांची नाही ही विभूती."

"काय चुकलं, मावशी?"

त्यांनी हवेत स्वतःच्या कपाळासमोरून डावा हात ओढून दाखवला. "अप्पा डावखुरे होते. या हाताने लावायचे."

मी उजव्या हाताच्या माणसाची ओढ वापरली होती. दाट सुरुवात त्यांच्या डाव्या भुवईशी, म्हणजे आपल्याला बघताना उजवीकडे, आणि तुटक शेपटी दुसऱ्या टोकाला. स्मार्ट ऑब्जेक्ट उघडला, आतला मास्क `Flip Horizontal` केला आणि सेव्ह केला. वार्प तसाच राहिला, फक्त `Displace` पुन्हा लावावा लागला. दुसरा प्रिंट आमच्या खर्चाने.